सुट्टीच्या गृहपाठाखालची सही

माझ्या नाकावर राग असतो, हे मला ठाऊक आहे. मुलं पाठीमागे मला मिरचीबाई म्हणतात, तेही ठाऊक आहे. बावीस वर्षं तिसरीला शिकवतेय, त्यामुळे कान असे तयार झालेत की फळ्याकडे तोंड असलं तरी तिसऱ्या बाकावर कोण काय कुजबुजलं ते ऐकू येतं. पण या वर्षी जो राग आला ना, तो निराळाच होता. त्याला धड जागाच सापडेना. आधी पालकांवर आला, मग एका बिचाऱ्या आईवर, मग मोठ्या बाईंवर. आणि शेवटी कुठे जाऊन बसला ते सांगतेच.

सुरुवात झाली ती त्या पुस्तिकेपासून. आमच्या शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीत चाळीस पानांची छापील पुस्तिका द्यायची पद्धत. शुद्धलेखन वीस पानं, पाढे दहा पानं, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. आठ वर्षांची पोरं! वर्षभर तेच केलं, सुट्टीतही तेच करा म्हणे. आणि करतात कोण? पहिले चार दिवस मुलं, शेवटचे दोन दिवस आया. शाळा उघडली की मला बत्तीस आयांची अक्षरं ओळखता येतात. हे दरवर्षी बघून बघून माझी तळपायाची आग मस्तकात जायची. शेवटी फेब्रुवारीत मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या, खोलीत गेले आणि म्हटलं, "माझ्या वर्गाला पुस्तिका नको. मी एक पान देते. पाठपोट एकच पान."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "एका पानात काय येणार?"

"खेळ," म्हटलं.

आठ खेळ होते. घराची लांबी आपल्या पावलांनी मोज, मग घरातल्या मोठ्या माणसाला तीच लांबी त्याच्या पावलांनी मोजायला सांग, आणि दोन आकडे वेगळे का आले ते शोध. एकाच जागी सकाळी, दुपारी बारा वाजता आणि संध्याकाळी उभा राहा, आपल्या सावलीच्या डोक्याशी खडूने खूण कर, सावली आपल्याच पावलांनी मोज. एका मुंगीच्या मागे दहा मिनिटं जा, ती कुठे गेली त्याचा नकाशा काढ. डोळे मिटून बस आणि पाच आवाज ओळख. घरातलं एक काम शीक, मग ते दुसऱ्या कुणाला तरी शिकव. एका चादरीचे तीन वेगळे खेळ कर. घरातल्या मोठ्या माणसाला विचार, की लहानपणी तुझी कोणती वस्तू हरवली होती. आणि शेवटचा माझा लाडका: वीस मिनिटं काहीही करू नकोस. नुसता कंटाळ. मग जे सुचेल ते एका ओळीत लिही.

मागच्या बाजूला पालकांसाठी टीप. ती लिहायला मला तीन रविवार लागले, कारण पहिल्या दोन मसुद्यांत शिव्याच जास्त होत्या. शेवटी अशी उतरली: "पालकहो, हा गृहपाठ तुमच्या मुलाचा आहे, तुमचा नाही. तुमचा तुम्ही तुमच्या वेळी केलात. यासाठी दुकानातून काहीही आणायचं नाही. पावलांनी मोजायला सांगितलं आहे ते मुद्दाम. मुलाचं आणि मोठ्याचं माप जुळलं नाही, की सगळ्यांची एकच मोजपट्टी का लागते ते त्याला न शिकवता कळेल. सावलीचं उत्तर सांगू नका. दुपारची सावली लहान का, हा प्रश्न त्याला पडू द्या, नाही पडला तरी चालेल. उत्तर चुकलं तर चुकू द्या, अक्षर वाकडं आलं तर येऊ द्या, ते बघायला मी आहे. मूल कंटाळलं तर घाबरू नका, कंटाळ्यानं आजवर कुणी दगावलेलं नाही."

मोठ्या बाईंनी सगळं वाचलं. 'दगावलेलं'वर थोड्या हसल्यासुद्धा. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण पुरावा काय?"

"कसला पुरावा?"

"मुलानं केलं याचा. उद्या संस्थेतून कुणी आलं आणि विचारलं, की पुस्तिका का नाही, तर मी काय दाखवू? मुंगी? खाली पालकांची सही घ्या, बाई. सही नसेल ते पान अपूर्ण."

झालं! माझं डोकं सटकलं. खेळाला सही! पण घोडं तिथेच अडलेलं. सही नाही तर पान नाही, पान नाही तर पुस्तिका. मग मी तिथल्या तिथे, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनाने, रागारागात टिपेखाली एक ओळ ओढली: "प्रत्येक खेळाच्या वेळी मी माझ्या मुलाशेजारी बसून होते / होतो आणि त्याने काढलेलं उत्तर मी स्वतः पाहिलं आहे. सही." मनात म्हटलं, घ्या सही! बसा पोराशेजारी! दहा मिनिटं का होईना, तो फोन खाली ठेवा. मोठ्या बाईंनी मान डोलावली आणि पान छापायला गेलं.

सुट्टी संपली. पहिल्याच दिवशी पानं गोळा केली. बत्तीसच्या बत्तीस आली, तेव्हा छाती दोन इंच फुगली माझी. शिक्षकांच्या खोलीत बसले, हजेरीपट घेतला, एकेक पान उलटायचं, सही बघायची, नावापुढे बरोबरची खूण करायची. सही, खूण. सही, खूण. शेजारच्या वर्गाच्या बाई छत्तीस पुस्तिका तपासत होत्या, त्यांच्याकडे मी जरा तोऱ्यातच बघितलं, खोटं कशाला बोलू. एकोणिसाव्या नंबरला हात थांबला. सहीची जागा कोरी.

ते पान होतं पणबाईचं. वर्गात तिला सगळे पणबाई म्हणतात, कारण तिचं प्रत्येक वाक्य "पण बाई..." असं सुरू होतं. "पण बाई, शून्याला कुणी मोजलं?" "पण बाई, मधली सुट्टी मध्ये नाहीये, तीन तास आधी आहेत आणि दोनच नंतर." डोकं उठवते पोरगी. तिला बोलावलं.

"सही कुठे आहे गं?"

"आईनं नाही केली."

"विसरली?"

"नाही. नाही म्हणाली."

नाही म्हणाली! मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे पद्धत अशी, की सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी सगळी शाळा मैदानात उभी राहते, आणि प्रत्येक वर्गाच्या बाई आपल्या वर्गातली अपूर्ण गृहपाठाची नावं ध्वनिक्षेपकावर वाचतात. ज्याचं नाव येईल त्याने पुढे येऊन व्यासपीठाच्या पायरीवर उभं राहायचं, सूचना संपेपर्यंत, आठशे पोरांसमोर. मागच्या वर्षी दुसरीतलं एक पोर तिथे उभ्या उभ्या ओकलं होतं. पणबाईला ते आठवत असणार, कारण तिनं विचारलं, "बाई, सोमवारी माझं नाव घ्याल?" या खेपेला 'पण' नव्हता.

"सही आणलीस की नाही घेणार," मी म्हटलं. "मी बोलते आईशी."

आई शुक्रवारी शाळा सुटताना आली. रुग्णालयातून थेट, काम संपवून. हातांची सालं निघालेली, डोळ्यांखाली काळं. मुलीला वर्गाबाहेरच्या बाकावर बसवलं आणि आम्ही दोघी दारातच उभ्या राहिलो. मी तयारच होते. म्हटलं, एवढं साधं पान, बत्तीसातल्या एकतीस जणांना जमलं, तुम्हालाच वेळ नाही? मुलीनं सगळं केलंय, आणि तुम्ही एक सही देत नाही? लेकराला सोमवारी पायरीवर उभं करणार?

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून चष्मा काढला. "पान द्या बरं, बाई."

मी दिलं. तिनं ती खालची ओळ मोठ्यानं वाचली. प्रत्येक खेळाच्या वेळी मी माझ्या मुलाशेजारी बसून होते. आणि मला विचारलं, "मी कुठे होते बसून? सुट्टीभर मी सकाळी सहाला जाते आणि चारला येते. हिचे बाबा परगावी कामाला, दोन महिन्यांनी येतात. दिवसा ही शेजारच्या आजींकडे. त्यांना उठून दारापर्यंत यायला होत नाही. मुंगीमागे ही एकटी गेली, सावली एकटीनं मोजली. मी शेजारी नव्हते. मग मी होते असं कसं लिहून देऊ?"

"अहो, ते तसं अक्षरशः नसतं घ्यायचं."

"मग कसं घ्यायचं?"

माझा आवाज चढला. उत्तर नसलं की माझा आवाज नेहमी चढतो.

ती मात्र शांतच. म्हणाली, "बाई, माझं काम काय आहे सांगते. ऑपरेशनची हत्यारं आम्ही धुतो, कापडात बांधतो, गठ्ठ्यावर एक पट्टी चिकटवतो आणि वाफेच्या यंत्रात घालतो. बाहेर आल्यावर वाफेनं त्या पट्टीवरच्या रेघा काळ्या झालेल्या दिसल्या पाहिजेत आणि गठ्ठा कोरडा पाहिजे. दोन्ही बघायचं, हात लावून बघायचं, मग सही. दिवसाला ऐंशी गठ्ठे, ऐंशी सह्या. नऊ वर्षं झाली. पहिल्या वर्षी एकदा घाईत मी न बघता केली. गठ्ठा आतून ओला निघाला. ओला म्हणजे वाया, पुन्हा दूषित झालाच धरायचा. डॉक्टरांनी उघडला तेव्हा पेशंट टेबलावर झोपवलेला होता. दुसरा गठ्ठा येईपर्यंत तो तसाच. काही झालं नाही त्याला, नशीब. पण त्या दिवसापासून जे मी बघितलं नाही त्याच्याखाली माझी सही नाही."

मला इथे गप्प बसायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या बाईनं बसायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "अहो ते ऑपरेशन, हा गृहपाठ! एवढी एक सही खोटी केली असतीत तर काय आभाळ कोसळलं असतं?"

तिनं चष्मा डोळ्यांवरून उतरवला. बाकावर पोरगी पाय हलवत बसली होती, ती पाय हलवायची थांबली. आई हळू आवाजात म्हणाली, "हे तुम्ही सांगताय? तिच्या बाई?"

तिनंच मग पेन मागितलं. माझी छापील ओळ तिनं एका रेघेनं सरळ खोडली आणि खाली लिहिलं: "मी शेजारी नव्हते. रोज संध्याकाळी तिनं मला सांगितलं आणि मी ऐकलं. माझा तिच्यावर विश्वास आहे." आणि खाली सही. स्पष्ट, पूर्ण नावाची, एकही अक्षर न गाळता. "हे चालत असेल तर घ्या," म्हणाली, आणि मुलीचा हात धरून गेली.

मी धुमसत खोलीत परतले. काय तोरा हा! बाकीचे एकतीस जण काय वेडे आहेत? त्यांनी नाही का वेळ काढला? दाखवतेच हिला, असं म्हणत मी गठ्ठा पुढे ओढला. आणि तेव्हा, बावीस वर्षांचा अनुभव असलेल्या या बाईनं पहिल्यांदा ती पानं उलटून पुढची बाजू वाचली. तोवर मी फक्त मागची बाजू बघत होते. सही आणि खूण!

पहिलं पान. सावली: सकाळी १०० सेमी, दुपारी ५० सेमी, संध्याकाळी १०० सेमी. सेमी? मी पावलं म्हटलं होतं, पावलं! दुसरं पान. १००, ५०, १००. तिसरं. १००, ५०, १००. मी एकेक पान आपटत गेले. एकोणीस घरांत एकोणीस पोरांची सावली हुबेहूब एकच. आमच्या वर्गात एक पोरगा बाकाच्या वर जेमतेम दिसतो आणि एक पोरगी माझ्या खांद्याला लागते, दोघांची सावली शंभर! एका बहाद्दरानं दुपारी बाराची सावली सगळ्यांत लांब लिहिलेली, पुढे कंसात कारण: तेव्हा ऊन सर्वांत जास्त असते. त्यातल्या त्यात हा बरा, निदान चूक तरी त्याची स्वतःची होती. मुंगीचे नकाशे पट्टीनं आखलेले. कोणती मुंगी पट्टीनं चालते हो? आणि माझा लाडका कंटाळा! "मला सुचले की पाणी वाचवले पाहिजे." "मला सुचले की मोठ्यांचा आदर करावा." वीस मिनिटं कंटाळून आठ वर्षांच्या पोराला मोठ्यांचा आदर सुचतो? मला नाही सुचत!

आणि प्रत्येकाखाली सही. प्रत्येक खेळाच्या वेळी मी माझ्या मुलाशेजारी बसून होते.

एका आईला फोन लावला, जरा ओळखीची, सरळ बोलणारी. म्हटलं, "खरं सांगा, सावली कुणी मोजली?"

ती अवघडली. "बाई, तो आपला पालकांचा गट आहे ना फोनवर... त्यात एकांनी तक्ताच करून टाकला होता. सगळ्यांनी तोच घेतला. सगळे पाठवतायत म्हटल्यावर आमचंच पोर मागे राहायला नको ना."

"आणि सही?"

"ती तर करायचीच होती ना. तुम्हीच लिहिलं होतंत."

फोन ठेवला. मग पणबाईचं पान घेतलं. घर: माझी एकवीस पावलं, आईची चौदा, पण आई दमली होती म्हणून तिची पावलं छोटी पडली असतील, रविवारी परत मोजणार. खाली वेगळ्या पेन्सिलीनं: रविवारी तेरा. सावली: सकाळी सहा पावलं, संध्याकाळी सात. दुपारच्या चौकटीत लिहिलं होतं, "ढग होते. सावली आलीच नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर खडू पुसला होता." मुंगीच्या नकाशाची रेघ इतकी वेडीवाकडी की मध्येच कागद फाटलेला, आणि शेवटी "इथे ती फटीत गेली, मी नाही जाऊ शकले." आईची हरवलेली वस्तू: "एक मोजा. दुसरा अजून आहे." आणि कंटाळा: "पंख्याला तीन पाती आहेत, पण फिरताना ती कुठे जातात?"

मी ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. रडले वगैरे नाही, मला संतापात रडू येत नाही. पण इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि फाशीचा दोर वळला कुणी? मी.

तशीच उठून मोठ्या बाईंकडे गेले. गठ्ठा टेबलावर आदळला, पणबाईचं आणि एक शंभर-पन्नास-शंभरचं, अशी दोन पानं बाजूला काढून समोर ठेवली, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे बघितलं. त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

"पुस्तिकेतही हेच होतं, बाई," त्या म्हणाल्या. "पालक करतात. तुम्हाला आज कळलं का?"

"मग निदान या मुलीचं नाव तरी वाचायला नको!"

"ओळ खोडली आहे. छापलेल्या मजकुराखाली सही नाही. आज एकीनं खोडली, उद्या दहा जण खोडतील. मग मी संस्थेला काय सांगू?" आणि मग त्यांनी ते पान माझ्याकडे फिरवलं. "आणि हा नियम माझा नाही. सही मी मागितली होती, हे खरं. पण शेजारी बसून होते, स्वतः पाहिलं आहे, हे शब्द तुमचे. या टेबलावर लिहिलेत. माझ्याच पेनानं."

खरं होतं. मला वाटत होतं मी पालकांना धडा शिकवतेय. शिकवलाच की. एकोणीस घरांत तरी पोरांच्या डोळ्यांदेखत आईबापांनी खोटी सही केली, आणि जिनं नाही केली तिच्या तोंडावर मी म्हटलं, केली असतीत तर काय बिघडलं असतं. तेही तिच्या मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"सोमवारी तिसरी ब ची यादी तुम्हीच वाचायची आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "अपूर्ण म्हणजे अपूर्ण. एक नाव वाचलं म्हणून जग बुडत नाही."

शनिवार-रविवार घरात मी कुणाशी धड बोलले नाही. आमचे 'हे' दोनदा विचारून गेले, की भांडण माझ्याशी आहे का, आणि नाही म्हटल्यावर निर्धास्तपणे पेपर वाचत बसले.

सोमवारी मैदानात आठशे पोरं. पहिलीच्या बाईंनी तीन नावं वाचली, दुसरीच्या बाईंनी पाच. पोरं माना खाली घालून पायरीवर चढली. एकीनं वेणीचं टोक तोंडात धरलं होतं. मी वर्गाच्या रांगेकडे बघितलं. पणबाई सातवी उभी होती, सरळ, हात शिवून टाकल्यासारखे अंगाला. आई कामावर गेलेली असणार. ध्वनिक्षेपक माझ्या हातात आला.

"तिसरी ब," मी म्हटलं. "एकच नाव आहे."

पणबाईनं एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा. मी तिला हातानं थांबवलं आणि नाव वाचलं. माझं स्वतःचं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, जसं हजेरीपटावर असतं तसं.

आधी कुणाला कळलंच नाही. मग चौथीच्या रांगेतून एकजण खिदळला आणि सगळं मैदान हसायला लागलं. मोठ्या बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. "बाई, हे काय चाललंय?"

"गृहपाठ अपूर्ण आहे," मी ध्वनिक्षेपकातच सांगितलं. "एकतीस पानं न वाचता मी त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणा केल्या. तपासायचं काम माझं होतं, मी केलं नाही. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाचं नाव यात नाही." आणि ध्वनिक्षेपक चौथीच्या बाईंच्या हातात देऊन मी जाऊन पायरीवर उभी राहिले, वेणी चावणाऱ्या पोरीच्या शेजारी. ती घाबरून सरकली आणि तिनं मला जागा दिली.

मोठ्या बाईंनी मला खाली यायला सांगितलं नाही, आणि पणबाईचं नावही वाचलं नाही. सूचना लांबल्या. पाण्याच्या टाकीची, बुटांची, उशिरा येणाऱ्यांची. अठरा मिनिटं झाली, शाळेचं घड्याळ समोरच होतं. नंतर त्यांनी खोलीत बोलावलं आणि जे बोलायचं ते बोलल्या. मीही बोलले. पुढच्या वर्षी पुस्तिका की पान, हे अजून ठरलेलं नाही. एकतीस पालकांना शनिवारी बोलावलंय, पानं घेऊन. तिथे मी जे बोलणार आहे ते आधी माफीनं सुरू होईल आणि मग मात्र माफी नसेल.

मधल्या सुट्टीत डबा उघडला तर दारात पणबाई. हातात पेन्सिल, आणि वहीतून फाडलेला कागद.

"पण बाई," ती म्हणाली, "पायरीवर तुम्हाला कंटाळा आला का?"

"आला."

"मग काय सुचलं?"

"सुचलं, की पुढच्या वेळी टिपेखाली काय लिहायचं. रोज मुलानं सांगितलं, आम्ही ऐकलं, आमचा त्याच्यावर विश्वास आहे."

तिनं कपाळाला आठी घातली. "पण बाई, ते तर माझ्या आईचं आहे. तुम्हाला काय सुचलं?"

घ्या! पकडले गेले. आठ वर्षांच्या पोरीनं मला चक्क नक्कल करताना पकडलं. मी चमचा खाली ठेवला आणि खरोखर आठवून बघितलं, त्या अठरा मिनिटांत डोक्यात काय होतं.

"सुचलं," मी म्हटलं, "की बावीस वर्षं मी व्यासपीठावरून नावं वाचली, पण त्या पायरीवर कधी उभी राहिले नव्हते. तिथून खाली बघितलं की आपल्याच वर्गातली मुलंसुद्धा ओळखू येत नाहीत."

पणबाईनं कागद भिंतीला टेकवला आणि ते लिहून घ्यायला लागली. मध्येच थांबून तिनं विचारलं, "किती मिनिटं झाली होती?"

"अठरा."

"वीस पाहिजेत," ती म्हणाली. "पण मी तिथेच होते, मी बघितलंय." आणि कागदाच्या तळाशी तिनं सही केली.